P3M म्हणजे नेमके किती दिवस? आयएसओ ८६०१ मध्ये कालावधी आणि कालखंड कसे लिहावेत

आमच्या सोसायटीच्या लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार ३० नोव्हेंबर २०२५ पासूनचा. कागदावर मुदत लिहिली होती ‘३० नोव्हेंबर २०२५ ते २९ नोव्हेंबर २०२६’ आणि खाली एक ओळ होती: दर तीन महिन्यांनी एक, अशा चार सर्व्हिसिंग. सोसायटीच्या नोंदी ठेवणारा छोटा डेटाबेस मीच लिहिलेला आहे. त्यात मी हा नियम `P3M` असा भरला आणि तारखांची यादी काढली: २८ फेब्रुवारी, २८ मे, २८ ऑगस्ट, २८ नोव्हेंबर. कंत्राटदाराच्या माणसाने त्याच्या प्रणालीतली यादी दाखवली, तर तीत २ मार्च, २ जून, २ सप्टेंबर आणि २ डिसेंबर. त्याच्याकडेही नियम `P3M` हाच होता, आणि त्याची चौथी तारीख तर करार संपल्यानंतरची होती.

दोन्ही संगणकांनी आपापल्या नियमाने बरोबरच हिशेब केला होता. चूक अशी की ‘तीन महिने’ लिहिताना जे ठरवायला हवे होते, ते आम्ही दोघांनीही ठरवले नव्हते. हा लेख त्या ठरवण्याबद्दल आहे. आधी लिपी समजून घेऊ, मग याच कराराच्या तारखा एक-एक करून काढू.

अक्षरे वाचायची कशी

आयएसओ ८६०१ हे तारीख आणि वेळ लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय मानक पहिल्यांदा १९८८ मध्ये आले आणि २०१९ मध्ये त्याचे दोन भाग झाले. `2025-11-30` ही तारखेची मांडणी बहुतेकांना त्यातूनच माहीत असते. कालावधी लिहिण्याची पद्धतही त्याच मानकात आहे, पण ती तितकी ओळखीची नाही.

कालावधी नेहमी `P` ने सुरू होतो. त्यानंतर आकडा आणि एकक, पुन्हा आकडा आणि एकक, मोठ्याकडून लहानाकडे. वर्षाला `Y`, महिन्याला `M`, दिवसाला `D`. मग `T` येतो, आणि त्याच्या पुढे तासाला `H`, मिनिटाला `M`, सेकंदाला `S`. म्हणजे `P1Y2M10DT2H30M` याचे वाचन: एक वर्ष, दोन महिने, दहा दिवस, दोन तास, तीस मिनिटे. जे एकक नको ते सरळ गाळायचे. आठवडे लिहायचे तर `P2W`. आठवडे इतर एककांत मिसळण्याला काही वाचक-प्रणाली नकार देतात, म्हणून `W` एकटाच ठेवावा. शून्य कालावधीही रिकामा सोडता येत नाही. तो `PT0S` किंवा `P0D` असा लिहावा लागतो.

`M` दोनदा आलेला तुमच्या लक्षात आला असेल. महिना की मिनिट, हे फक्त `T` ठरवतो. `P3M` म्हणजे तीन महिने, `PT3M` म्हणजे तीन मिनिटे. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाकक्रियांच्या संकेतस्थळांवर पाहिली आहे. शोधयंत्रांना पाककृतीची माहिती कळावी म्हणून पानाच्या पोटात `cookTime` नावाची नोंद ठेवतात आणि तिचे मूल्य याच पद्धतीने लिहायचे असते. तिथे अर्ध्या तासासाठी कोणी `P30M` लिहिले, की पुरणपोळी तीस महिने शिजते. लिहिणारा पान उघडून बघतो तेव्हा वाचकाला दिसणाऱ्या मजकुरात ‘३० मिनिटे’ व्यवस्थित असते, म्हणून चूक कळत नाही. ती फक्त यंत्राने वाचायच्या ओळीत दडून राहते. बरोबर नोंद अशी:

```json
"prepTime": "PT45M",
"cookTime": "PT30M",
"totalTime": "PT1H15M"
```

काही भाषा या चुकीपासून आपले रक्षण करतात. जावामध्ये दोन वेगळे प्रकार आहेत. `Period` हा वर्ष-महिने-दिवसांसाठी आणि `Duration` हा घड्याळाच्या वेळेसाठी. `Duration.parse("P3M")` लिहिले तर कार्यक्रम तिथेच `DateTimeParseException` देऊन थांबतो. `Period.parse("PT3M")` चेही तसेच. हे विभाजन त्रासदायक वाटते खरे, पण त्यामागे मोठे कारण आहे आणि आता तिकडेच जायचे आहे.

महिना हे माप नाही

तास, मिनिट, सेकंद मोजता येतात. महिना मोजता येत नाही, तो कॅलेंडरवर चालावा लागतो. १ फेब्रुवारी २०२६ पासून तीन महिने म्हणजे १ मे, म्हणजे ८९ दिवस. १ जुलैपासून तीन महिने म्हणजे १ ऑक्टोबर, म्हणजे ९२ दिवस. `P3M` ची लांबी ८९ ते ९२ दिवसांमध्ये कुठेही असू शकते, आणि सुरुवातीची तारीख हातात नसेल तोवर ती सांगताच येत नाही.

म्हणून पहिला निर्णय हा: तुम्हाला तीन महिने हवे आहेत की नव्वद दिवस? दोन्ही लिहिता येतात, `P3M` आणि `P90D`, पण ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. १ जुलैपासून `P90D` धरले तर २९ सप्टेंबर येतो आणि `P3M` धरले तर १ ऑक्टोबर. भाडे, करार, नोटीस यांच्या कागदावर ‘तीन महिने’ असेल तर `P3M` च लिहावे. आपल्याकडच्या कायद्यालाही तेच अभिप्रेत आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये महिना म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे मोजलेला महिना अशी व्याख्या आहे, तीस दिवसांचा गठ्ठा नव्हे. (पंचांगातला महिना या मानकात बसतच नाही. २०२३ सारख्या अधिक श्रावणाच्या वर्षी ‘श्रावणापासून तीन महिने’ हे `P3M` ने लिहू गेलात तर उत्तर भलतेच येईल. तिथे सरळ दोन इंग्रजी तारखा काढून त्याच लिहाव्यात.)

तुलना करतानाही हीच अडचण येते. एक महिना मोठा की तीस दिवस? एक्सएमएल स्कीमाच्या नियमांत याचे उत्तर ‘सांगता येत नाही’ असे आहे, आणि ते प्रामाणिक आहे. तीच भाषा एवढे मात्र ठामपणे म्हणते की एक महिना २७ दिवसांपेक्षा मोठा आणि ३२ दिवसांपेक्षा लहान. पोस्टग्रेसला विचारून बघा:

```sql
SELECT interval 'P1M' = interval 'P30D';
```

उत्तर येते ‘खरे’. तुलनेपुरता पोस्टग्रेस महिना तीस दिवसांचा धरतो. बेरीज करताना मात्र तो तसे धरत नाही, तिथे कॅलेंडर बघतो. त्यामुळे महिन्यांत लिहिलेले आणि दिवसांत लिहिलेले कालावधी एकाच रकान्यात ठेवून त्यांवर क्रम लावू नका. आधी प्रत्येकाला त्याच्या सुरुवातीच्या तारखेत मिळवा आणि मग शेवटच्या तारखांची तुलना करा.

दशांशाचेही असेच आहे. सर्वांत लहान एककाला अपूर्णांक चालतो, `PT1.5H` म्हणजे दीड तास, यात काही वाद नाही. `P1.5M` हेही लिहिता येते, पण अर्धा महिना म्हणजे किती दिवस हे कोणालाच सांगता येणार नाही. महिन्याला अपूर्णांक लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवस आणि चोवीस तास यांतही फरक आहे, फक्त तो भारतात बसून दिसत नाही. आपले घड्याळ वर्षभर `+05:30` वरच असते. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांसाठी स्मरणपत्र लावत असाल तर दिसतो. तिथे ८ मार्च २०२६ ला पहाटे घड्याळ एक तास पुढे जाते. ७ मार्चच्या संध्याकाळी सहाला `P1D` मिळवले तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे सहा, आणि `PT24H` मिळवले तर सात.

कालावधीला तारखेची गाठ मारणे

कालावधी ही नुसती लांबी. तिला कॅलेंडरवर जागा दिली की ती कालखंड होते, आणि दोन भागांच्या मध्ये तिरकी रेघ येते. लिहिण्याच्या तीन रीती आहेत:

```
2025-11-30/2026-02-28
2025-11-30/P3M
P3M/2026-02-28
```

पहिलीत सुरुवात आणि शेवट, दुसरीत सुरुवात आणि लांबी, तिसरीत लांबी आणि शेवट. वरवर पाहता या तिन्ही ओळी एकच गोष्ट सांगतात असे वाटते. तसे नाही. तिसरीत २८ फेब्रुवारीपासून तीन महिने मागे जायचे आहे आणि तसे गेल्यावर २८ नोव्हेंबर येतो, ३० नोव्हेंबर नाही. महिन्याची बेरीज उलटी फिरवली की मूळ जागी परत येतेच असे नाही. जावाला `Period.between` ने ३० नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी हे अंतर विचारले तर तो `P3M` म्हणत नाही, `P2M29D` म्हणतो. म्हणून नियम जिथून आला तीच रीत साठवावी. करारात सुरुवात आणि मुदत दिली असेल तर दुसरी ओळ साठवा, आणि शेवटची तारीख हवी तेव्हा तिच्यातून काढा. शेवट साठवून मुदत परत काढू गेलात तर ‘तीन महिने’ कायमचे हरवतात.

सुरुवातीला वेळ आणि वेळक्षेत्र दिले आणि शेवटी दिले नाही, तर सुरुवातीचेच वेळक्षेत्र शेवटालाही लागू होते. फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, तिथे `2025-11-30--2026-02-28` अशी दुहेरी आडवी रेघ वापरण्याची पद्धत आहे.

महिनाअखेर

आता मुख्य गाठ. ३० नोव्हेंबर अधिक तीन महिने म्हणजे ३० फेब्रुवारी, आणि तो दिवस अस्तित्वात नाही. इथे प्रणाल्यांच्या दोन जाती पडतात. एक जात मागे सरकते आणि त्या महिन्याचा शेवटचा दिवस, २८ फेब्रुवारी, देते. जावाचा `Period`, पोस्टग्रेस आणि एक्सएमएल स्कीमाचा नियम या जातीचे. दुसरी जात उरलेले दोन दिवस पुढच्या महिन्यात ओतते आणि २ मार्च देते. पीएचपीचा `DateTime::add` आणि जावास्क्रिप्टच्या जुन्या `Date` मधला `setMonth` असे वागतात. कंत्राटदाराच्या यादीत २ मार्च कुठून आला, ते इथे कळते.

करारासाठी मागे सरकणारी रीतच योग्य, असे मला वाटते. फेब्रुवारीअखेर असलेले काम मार्चच्या हिशेबात जाऊ नये अशीच माणसांची अपेक्षा असते. पण कोणती रीत धरली हे लिहून ठेवायला हवे, कारण `P3M` मध्ये ते लिहिलेले नसते.

माझ्या यादीतली चूक वेगळी होती. मी २८ फेब्रुवारी बरोबर काढला, मग त्यात पुन्हा तीन महिने मिळवले, आणि २८ मे आला. एकदा अठ्ठावीसवर आलेली तारीख पुन्हा तीसवर चढत नाही, कारण मूळ तारीख ३० होती हे पुढच्या पायरीला माहीतच नसते. पोस्टग्रेसमध्ये `generate_series` ला सुरुवात, शेवट आणि `P3M` ही पायरी दिली की तो असाच पायरी-पायरीने चालतो आणि तारीख घसरते. उपाय हा, की प्रत्येक वेळी मूळ तारखेपासूनच मोजायचे: शून्य महिने, तीन, सहा, नऊ, बारा.

```sql
SELECT (date '2025-11-30' + n * interval 'P3M')::date
FROM generate_series(0, 4) AS n;
```

आता येते ३० नोव्हेंबर, २८ फेब्रुवारी, ३० मे, ३० ऑगस्ट, ३० नोव्हेंबर. फेब्रुवारीत तारीख वाकली, आणि मे महिन्यात पुन्हा सरळ झाली. जावामध्ये हेच `start.plus(p.multipliedBy(n))` असे लिहावे.

मिश्र कालावधीत क्रमालाही किंमत असते. ३० मार्चमध्ये आधी एक दिवस आणि मग एक महिना मिळवला तर ३१ मार्चवरून ३० एप्रिलला पोहोचतो. आधी महिना आणि मग दिवस मिळवला तर ३० एप्रिलवरून १ मे येतो. मोठे एकक आधी मिळवायचे, ही सवय बरी.

पुन्हा पुन्हा येणारे कालखंड

आवर्तनासाठी पुढे `R` आणि संख्या लावतात:

```
R4/2025-11-30/P3M
```

३० नोव्हेंबरपासून तीन महिन्यांचा कालखंड, चार वेळा. आकडा न देता नुसते `R/` लिहिले तर आवर्तनाला शेवट नाही. माझा आणि कंत्राटदाराचा खरा गोंधळ मला ही ओळ नीट वाचल्यावर कळला. आम्ही दोघेही हिला चार तारखांची यादी समजत होतो. ती तशी नाहीच. ती एकामागून एक जोडलेल्या चार खिडक्यांची ओळ आहे. चार खिडक्यांना पाच कडा असतात, आणि आम्ही त्या पाच कडांपैकी शेवटच्या चार उचलून त्यांना सर्व्हिसिंगची तारीख म्हणत होतो. पीएचपीच्या `DatePeriod` ला `R4` दिल्यावर त्यातून पाच तारखा बाहेर येतात, चार नाहीत. तुमची प्रणाली पहिली तारीख मोजते की वगळते, हे एकदा लहान उदाहरणावर चालवून बघितल्याशिवाय `R` वापरू नये.

उरला शेवटच्या दिवसाचा प्रश्न. कागदावर ‘३० नोव्हेंबर २०२५ ते २९ नोव्हेंबर २०२६’ लिहिले की आपण २९ तारीख मोजतो. `2025-11-30/P1Y` मात्र ३० नोव्हेंबर २०२६ ला संपते. ही तफावत नव्हे, फक्त मोजण्याची रीत वेगळी. शेवटची कड बाहेर ठेवायची असे धरले, की मुदत ३० तारखेची सुरुवात होईपर्यंत चालते, म्हणजे २९ चा पूर्ण दिवस तीत येतो. डेटाबेसमध्ये मी नेहमी शेवटची कड बाहेरच ठेवतो, कारण मग एका खिडकीचा शेवट हीच पुढच्या खिडकीची सुरुवात होते. मध्ये दिवस गळत नाही आणि कोणता दिवस दोनदा मोजला जात नाही. मानकातल्या व्याख्येत मात्र वेगळे सांगितले नसेल तर दोन्ही कडा आतच धरल्या आहेत. त्यामुळे ‘शेवटची कड बाहेर’ हे शब्दांत लिहिणे भाग आहे. माणसाला दाखवायच्या यादीत मी एक दिवस वजा करून ‘पर्यंत’ लिहितो.

हे सगळे धरून कराराचा हिशेब पुन्हा मांडला तो असा. पहिली खिडकी ३० नोव्हेंबर २०२५ ते २७ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. दुसरी २८ फेब्रुवारी ते २९ मे पर्यंत. तिसरी ३० मे ते २९ ऑगस्ट पर्यंत. चौथी ३० ऑगस्ट ते २९ नोव्हेंबर पर्यंत. प्रत्येक खिडकीत एक सर्व्हिसिंग, आणि शेवटची खिडकी बरोबर कराराच्या शेवटच्या दिवशी बंद होते. कंत्राटदाराच्या माणसाला मी हा कागद दाखवला. त्याने विचारले, “म्हणजे फेब्रुवारीतली सर्व्हिसिंग मी वीस तारखेला केली तरी चालेल ना?” चालेल. खिडकीच्या आत कुठलाही दिवस चालेल, आणि करारातल्या ओळीचा अर्थही तोच होता.

चाचणीसाठी तारखा

आपली प्रणाली तपासताना ३० नोव्हेंबर २०२५ ही एकच तारीख वापरून समाधान मानू नका. योगायोगाने तिथे `P3M` आणि `P90D` दोन्ही २८ फेब्रुवारीवरच येतात, त्यामुळे महिन्याऐवजी दिवस मोजणारा कोडही पास होतो. मी या चार ओळी चालवतो:

```
2026-07-01 + P3M       = 2026-10-01
2025-11-30 + P3M       = 2026-02-28
2027-11-30 + P3M       = 2028-02-29
2025-11-30 + 2 × P3M   = 2026-05-30
```

पहिलीत २९ सप्टेंबर आला तर कुठेतरी महिना तीस दिवसांचा धरला आहे. दुसरीत २ मार्च आला तर प्रणाली दिवस पुढे ओतणारी आहे. तिसरी लीप वर्षासाठी. चौथीत २८ मे आला तर कोड मूळ तारीख विसरून पायरी-पायरीने चालतो आहे.

आणि तारीख दुसऱ्या कोणाच्या प्रणालीत जाणार असेल तर त्या प्रणालीला कोणती एकके कळतात ते आधी बघा. कॅलेंडरच्या `.ics` फाइलमध्ये कालावधी याच लिपीत लिहितात, पंधरा मिनिटे आधीच्या सूचनेसाठी `TRIGGER:-PT15M`. पण तिथे वर्ष आणि महिना ही एकके मुळात घेतलेलीच नाहीत, फक्त आठवडे, दिवस, तास, मिनिटे, सेकंद. तिथे `P3M` पाठवता येत नाही. आवर्तनाचा वेगळा नियम लिहावा लागतो, किंवा सरळ काढलेल्या तारखा द्याव्या लागतात. सोसायटीच्या सचिवांच्या फोनवर मी चार खिडक्यांच्या आठ तारखाच पाठवल्या. डेटाबेसमध्ये मात्र `R4/2025-11-30/P3M` हीच ओळ आहे, आणि तिच्या शेजारच्या रकान्यात मराठीत लिहिले आहे: ‘महिनाअखेर मागे, मूळ तारखेपासून मोजणे, शेवटची कड बाहेर.’